फॉर्मवरची एक तारीख

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या वहिनीकडे महापालिकेच्या सर्वेक्षणाची ताई आली होती. दुपारची वेळ, गॅसवर आमटी, धाकट्याची शाळेतून यायची घाई. ताईंनी दारातच कागद काढला. घरात माणसं किती, पाणी कुठलं पिता, महिन्याभरात कुणाला जुलाब, ताप, हातापायांत अशक्तपणा? वहिनी म्हणाली, ‘‘नाही हो, आमच्याकडे सगळे ठणठणीत.’’ ताईंनी खूण केली आणि पुढच्या दारावर गेल्या.

रात्री जेवताना मोठा पुतण्या म्हणाला, ‘‘आई, मला नव्या वर्षात तीन दिवस जुलाब झाले होते की!’’ वहिनी जरा ओशाळली. ‘‘अरे, ते एकतीस डिसेंबरच्या खाण्यानं झालं होतं. ते काय सांगायचं? बरा झालास ना.’’

ही गोष्ट मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला फोनवर हसत हसत सांगितली. ती मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्र शिकवते. ती काही हसली नाही. म्हणाली, ‘‘आम्हाला नेमकं तेच हवं असतं गं. बरे झालेले लोक, आणि तारीख.’’

तेव्हा पुण्यात गिया बारे सिंड्रोमचे, आपल्या तोंडी बसलेल्या ‘जीबीएस’चे रुग्ण वाढत होते. रोज सकाळी पेपरात नवा आकडा. २६ जानेवारीला १०१, दुसऱ्या दिवशी १११, फेब्रुवारीच्या सुरुवातीला १५८, आणि पुढे दोनशेच्याही वर. आकडा वाढला की आपल्या पोटात गोळा. पण मैत्रिणीचं म्हणणं असं, की साथीचा शोध घेणारे लोक हा आकडा बघून फारसं काही ठरवत नाहीत. ते वेगळाच एक आलेख काढतात, आणि त्या आलेखापर्यंत पोचायला आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात. तिनं मला त्या एकेक करून समजावल्या, तशाच इथे मांडते.

आधी, आजार तोच आहे ना?

पहिली पायरी निदानाची. हे ऐकायला सोपं वाटतं, पण ‘पायात शक्ती नाही’ अशी तक्रार घेऊन येणारा प्रत्येक माणूस जीबीएसचा नसतो. पोटॅशियम कमी झालं तरी पाय लुळे पडतात, मणक्याच्या आजारातही पडतात. लहान मुलांमध्ये तर आणखी एक शंका फेडून घ्यावी लागते, ती पोलिओची. म्हणून पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की पोलिओ देखरेखीच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घेऊन तपासतात. लकवा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत ते घ्यायचे असतात.

जीबीएसमध्ये होतं काय, तर शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या जंतूशी लढता लढता चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. बहुतेक वेळा दोन्ही पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग अशक्तपणा वर वर सरकतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडत नाही. नसांमधून विजेचा संदेश कसा जातो याची चाचणी करतात, आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासतात. त्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळजवळ नाहीत, असं दिसलं तर शंका पक्की होते. गंमत अशी की पहिल्या आठवड्यात हे पाणी अगदी नॉर्मलही येऊ शकतं. तेवढ्यावरून ‘नाही’ म्हटलं तर खरा रुग्ण यादीतून निसटतो.

म्हणूनच बातमीत दोन आकडे असायचे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला १५८ संशयित होते, त्यातले १२७ नक्की झालेले. आपल्याला वाटतं, सरकारी गोंधळ दुसरं काय! पण शोध नीट चालला असेल तर असे दोन आकडे असायलाच हवेत.

ही खरंच साथ आहे का?

दुसरी पायरी, नेहमीपेक्षा जास्त आहे का हे बघणं. जीबीएस हा काही नवा आजार नाही. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक ते दोन जणांना तो होतोच. पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ९४ लाख. तीच धरली तरी वर्षाला शंभर ते दोनशेच्या दरम्यान, म्हणजे महिन्याला आठ ते सोळा रुग्ण कुठे ना कुठे असणारच. ते वेगवेगळ्या हॉस्पिटलांत विखुरलेले असतात, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. जानेवारीत काही हॉस्पिटलांच्या डॉक्टरांना एकाच वेळी, एकाच भागातून येणारे रुग्ण दिसले, तेव्हा त्यांना खटकलं आणि त्यांनी कळवलं. साथीची पहिली घंटा बहुधा अशीच वाजते, एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या किंवा नर्सच्या मनात.

पण इथे एक फसगत असते. एकदा बोभाटा झाला की सगळी हॉस्पिटलं जुने-नवे सगळे रुग्ण कळवायला लागतात. एरवी ज्याची नोंदच झाली नसती तोही यादीत येतो. पुण्यात तर आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनही लोक उपचाराला येतात. म्हणजे आकड्यातली थोडी वाढ ही नुसती ‘आता आपण मोजायला लागलो’ अशीही असते. पण थोड्या दिवसांत शंभरावर रुग्ण आणि त्यातले बरेचसे एकाच पट्ट्यातले, हे काही नुसत्या मोजण्यानं होत नाही. साथ खरी होती.

रुग्ण कुणाला म्हणायचं?

तिसरी पायरी व्याख्येची. कुणाला मोजायचं हे आधी ठरवायचं, आणि ते सगळ्यांनी सारखंच वापरायचं. समजा, अशी व्याख्या केली : अमुक तारखेनंतर, पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड किंवा आसपासच्या गावांत राहणाऱ्या माणसाच्या हातापायांत अचानक अशक्तपणा आला आणि डॉक्टरांनी जीबीएसची शंका घेतली, तर तो ‘संशयित’. चाचण्यांनी शिक्कामोर्तब झालं तर ‘नक्की’. यात आजार आहे, जागा आहे आणि काळ आहे. यातलं एक जरी सैल राहिलं तर एका हॉस्पिटलचा रुग्ण दुसऱ्याच्या रुग्णाशी जुळत नाही.

मग शोध सुरू होतो. हॉस्पिटलात आलेले तर मिळतातच, पण घरी बसलेले शोधावे लागतात. २६ जानेवारीपर्यंत पंचवीस हजारांवर घरांची पाहणी झाली होती. माझ्या वहिनीचं दार त्याच मोहिमेतलं.

मिळालेला प्रत्येक रुग्ण एका लांबलचक यादीत जातो. एका ओळीत एक माणूस. वय, स्त्री की पुरुष, राहायला कुठे, कामाला कुठे, पाणी कुठलं, आधी जुलाब झाले होते का, कधी, आणि हातपाय कधी जड झाले. मैत्रीण म्हणाली, ‘‘आपण महिन्याचा हिशोब लिहितो ना वहीत, तशीच वही. तारीख चुकली की हिशोब चुकला.’’

पत्त्याचंही तसंच. रुग्ण कुठे दाखल झाला हे महत्त्वाचं नसतं, आजारी पडण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तो कुठे राहिला, कुठे प्यायला-जेवला हे महत्त्वाचं. जानेवारीच्या अखेरीस ज्या संशयित रुग्णाचा सोलापुरात मृत्यू झाला, तो राहायला पुण्यात होता. त्याचा ठिपका सोलापुरावर टाकला असता तर नकाशानं भलतंच सांगितलं असतं. पुण्याच्या नकाशावर ठिपके नीट पडले तेव्हा ते नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला अशा सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात दाटले. त्यामुळेच सगळ्यांचं लक्ष नांदेड गावच्या मोठ्या विहिरीकडे गेलं, जिथून आजूबाजूच्या वस्त्यांना पाणी जायचं. यातली नांदेड, किरकटवाडीसारखी गावं २०२१ मध्येच महापालिकेत आलेली. इमारती झपाट्यानं उठल्या, पाण्याची सोय मागे राहिली, हे त्या भागातल्या बायकांना कुणी सांगायला नको.

चौकोनावर चौकोन

आता तो आलेख. इंग्रजीत ‘एपिडेमिक कर्व्ह’, आपण साथीचा आलेख म्हणू. मुलांच्या गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद घ्या. खालच्या रेघेवर तारखा लिहा. एक रुग्ण म्हणजे एक चौकोन. ज्याचा आजार ज्या तारखेला सुरू झाला, त्या तारखेवर त्याचा चौकोन ठेवायचा. त्याच दिवशी दुसरा असेल तर पहिल्याच्या डोक्यावर. बस, इतकंच.

सगळी मेख ‘सुरू झाला’ या शब्दांत आहे. समजा, तीन जण आहेत. एकाचे पाय १० जानेवारीला जड झाले, दुसऱ्याचे १४ ला, तिसऱ्याचे १९ ला. तिघांचीही नोंद महापालिकेकडे २२ जानेवारीला पोचली. पेपरात काय येणार? ‘एका दिवसात तीन नवे रुग्ण’. आलेखावर मात्र ते तीन वेगवेगळ्या जागी बसतात, आणि २२ तारखेची जागा रिकामी राहते. पेपरातला आकडा सांगतो की कारकुनाच्या टेबलावर कागद कधी आला. आलेख सांगतो की माणूस आजारी कधी पडला. त्यातून पेपरातला आकडा सगळी बेरीज दाखवतो, त्यामुळे तो कधी कमी होतच नाही. साथ उतरणीला लागली तरी तो चढतोच, आणि आपण घाबरतच राहतो.

आलेखाचा आकार बोलतो. लग्नाच्या पंगतीत एकाच पदार्थानं विषबाधा झाली तर चौकोनांचा ढीग एकदम उभा चढतो आणि मग हळूहळू उतरतो, कारण सगळ्यांनी विष एकाच वेळी घेतलेलं असतं. गोवरासारखा माणसाकडून माणसाला जाणारा आजार असेल तर एका लाटेमागून दुसरी लाट येते, मध्ये ठरावीक अंतर ठेवून. पाण्याचा नळच रोज दूषित येत असेल तर ढीग पसरट होतो आणि नळ बंद किंवा शुद्ध होईपर्यंत पसरतच जातो.

चौकोनांचे खांब किती दिवसांचे करायचे यालाही हिशोब आहे. जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा जो काळ, त्याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका एक खांब. फार रुंद केला तर सगळं एकाच ढिगात बुडतं, फार अरुंद केला तर नुसते विस्कटलेले दात दिसतात. आणि आलेख साथीच्या थोडा आधीपासून सुरू करायचा, म्हणजे नेहमीचे तुरळक रुग्ण किती असतात ते शेजारी दिसतं.

लकव्याचा आलेख म्हणजे सावली

इथे मी मैत्रिणीला विचारलं, ‘‘मग पुण्याच्या आलेखावरून लगेच कळलं असेल ना, पाणी कधी बिघडलं ते?’’ ती म्हणाली, ‘‘थांब, खरी अडचण पुढेच आहे.’’

काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कँपिलोबॅक्टर आणि जीबीएसचं नातं डॉक्टरांना जुनंच माहीत आहे. हा जंतू दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. दोन ते पाच दिवसांत जुलाब होतात, आठवड्याभरात बहुतेक जण आपोआप बरे होतात. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी, थोड्याच जणांना जीबीएस होतो.

म्हणजे आपण ज्याचा आलेख काढतोय तो मूळ आजारच नव्हे, ती त्याची उशिरा पडलेली सावली आहे. मघाचे आपले तीन जण आठवा. ज्याचे पाय १० जानेवारीला जड झाले, त्याला जुलाब साधारण ३१ डिसेंबरच्या सुमारास झाले असतील, आणि ते पाणी किंवा अन्न पोटात गेलं असेल नाताळच्या आठवड्यात. म्हणजे २२ जानेवारीला जाऊन बाटलीत पाणी भरलं तर ते जवळजवळ महिन्यानंतरचं. त्याआधी कुणी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर नमुना स्वच्छ येतो, कारण हा जंतू क्लोरीनपुढे टिकत नाही. नमुना स्वच्छ आला म्हणून विहीर सुटली असं होत नाही, आणि आज पाण्यात ई-कोलाय सापडला म्हणून नाताळातही होताच, असंही नाही. ई-कोलाय एवढंच सांगतो की पाण्यात मैला मिसळतोय.

रुग्णांचंही तेच. हातपाय लुळे पडून माणूस दाखल होतो तोवर पोटातला जंतू बरेचदा निघून गेलेला असतो, किंवा मधे अँटिबायोटिक झालेलं असतं. त्यामुळे शौचात जंतू न सापडणं हा निर्दोषपणाचा दाखला नाही.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. समजा, पाणी एकाच दिवशी बिघडलं आणि दुसऱ्या दिवशी सुधारलं. तरी कुणाला आठवड्यानं लकवा होईल, कुणाला तीन आठवड्यांनी. म्हणजे एका दिवसाच्या चुकीचा ढीग दोन-तीन आठवडे पसरतो. पसरट ढीग बघून ‘अजूनही दूषितच पाणी येतंय’ असं म्हणता येत नाही. उलट विहिरीत आज क्लोरीन टाकलं तरी पुढचे दोन-तीन आठवडे नवे रुग्ण येतच राहतात. त्यांना जुलाब आधीच होऊन गेलेले असतात. लोक म्हणतात, उपाय फसला. उपाय फसला की लागू पडला, हे कळायला तेवढा काळ जाऊ द्यावा लागतो.

याच्या उलटही फसगत आहे. आलेखाच्या उजव्या टोकाला, म्हणजे अगदी अलीकडच्या दिवसांत, ढीग नेहमी खाली उतरलेला दिसतो. साथ ओसरली म्हणून नव्हे, तर कालपरवा आजारी पडलेल्यांचे कागद अजून वाटेत आहेत म्हणून. जाणकार मंडळी शेवटच्या आठवड्याच्या खांबांवर ‘अपुरे’ अशी खूण करून ठेवतात. आनंदाची बातमी द्यायची घाई झालेला माणूस नेमका त्याच खांबांवर बोट ठेवतो.

मग करायचं काय?

तर दुसरा आलेख काढायचा, जुलाबांचा. तो मूळ आजाराच्या जवळचा असतो. कँपिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारांत एखाद्यालाच जीबीएस होतो असं मानतात. हा हिशोब ढोबळ आहे, जंतूच्या वाणाप्रमाणे बदलतो. तरी पन्नास रुग्ण जरी या जंतूमुळे झाले असं धरलं, तरी त्यामागे हजारो घरांत जुलाब होऊन गेलेले असणार. त्या हजारो घरांच्या तारखा मिळाल्या तर पाणी कुठल्या आठवड्यात, कुठल्या वस्तीत बिघडलं ते जास्त नेमकं सांगता येतं. मग त्या आठवड्यात पाइपलाइन कुठे फुटली होती, टँकर कुठून आले, क्लोरीन कुणी टाकलं नव्हतं, हे प्रश्न विचारता येतात. तारीख नसेल तर हे प्रश्न विचारायचेच राहतात, आणि दोष कधी विहिरीवर, कधी चिकनवर, कधी रस्त्यावरच्या पाणीपुरीवर फिरत राहतो.

पण ही जुलाबांची तारीख कुठल्याच हॉस्पिटलच्या कागदावर नसते. दोन दिवस पोट बिघडलेल्या मुलाला कुणी दाखल करत नाही. आपण त्याला साखर-मिठाचं पाणी देतो, दहीभात देतो आणि विसरतो. ती तारीख असते घरातल्या बाईच्या डोक्यात. त्या दिवशी कपडे जास्त धुवावे लागले, शाळेला चिठ्ठी द्यावी लागली, ऑफिसला दांडी पडली, यातून ती तिला आठवते. आणि दारात कुणी कागद घेऊन आलं की तीच बाई म्हणते, ‘‘आमच्याकडे सगळे ठणठणीत.’’ कारण जुलाब झाले म्हणजे घर अस्वच्छ, स्वयंपाक खराब, असं बोट आपल्याचकडे येईल अशी भीती तिला वाटते. माझी वहिनी त्याला अपवाद नव्हती, मीही नसते.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्या सर्वेक्षणवाल्या ताईंचा नंबर शोधून काढला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले होते. त्यावरून तिला आठवलं, की २ जानेवारीला तिनं पुतण्यासाठी दूध घेतलं नव्हतं, कारण त्याला पचत नव्हतं. ‘‘लिहा ताई, दोन तारीख. आणि पाणी नळाचंच, न उकळलेलं.’’

पलीकडून ताई म्हणाल्या, ‘‘बरं झालं सांगितलंत. तुमच्या मजल्यावरच्या आणखी दोन घरांनी आज हेच सांगितलं.’’